शिल्लक किती, हे रुग्णाला वेळेत कळू द्या: विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

विषय: आरोग्य विम्यातील विमा रक्कम, आणि ती संपत आल्याची खबर

महोदय,

मी बरीच वर्षे एका खासगी रुग्णालयाच्या विमा खिडकीमागे बसत असे. कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याची, मंजुरी मागवायची, कंपनीच्या शंकांना उत्तरे पाठवायची, डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिल जुळवायचे, हे माझे काम. क्लेम नाकारला गेल्याच्या तक्रारी तुमच्याकडे पुष्कळ येत असतील. मी लिहितो आहे ते त्याबद्दल नाही. क्लेम मंजूर आहे, कागदपत्रे पूर्ण आहेत, कंपनीने काहीही अडवलेले नाही, आणि तरी घरच्यांना अंतिम बिलाच्या दिवशी लाख-दीड लाख उभे करावे लागतात, कारण विमा रक्कमच संपलेली असते. अशा वेळी तक्रार कोणाविरुद्ध करायची हेही त्यांना समजत नाही. नियमाप्रमाणे कोणी चुकलेलेच नसते.

आमच्या खिडकीवर येणारा माणूस सांगतो, "माझा पाच लाखांचा विमा आहे." त्याच्या मनात अर्थ असा असतो की, कोणालाही, कधीही, कुठलाही आजार झाला तर पाच लाख आहेतच. त्यात आयुर्विम्याची सवय मिसळलेली असते. तिथे ठरलेली घटना घडली की ठरलेली रक्कम एकदम हातात येते. आरोग्य विम्यात प्रत्यक्ष झालेल्या आणि मान्य ठरलेल्या खर्चापुरतेच पैसे मिळतात, आणि वर्षभरात कंपनी अशा सगळ्या खर्चापोटी जास्तीत जास्त किती देईल, ती मर्यादा म्हणजे विमा रक्कम. मर्यादा पॉलिसी वर्षाची असते, आजाराची नाही. फॅमिली फ्लोटर असेल तर एकच मर्यादा घरातल्या सगळ्यांत मिळून. भरती होण्याआधीच्या तपासण्या आणि घरी गेल्यानंतरची औषधे यांचा खर्च मिळतो, पण तोही याच रकमेतून वजा होत जातो.

एवढे तर पॉलिसीत लिहिलेलेच असते. मग माणूस फसतो कुठे, ते एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण मी रचलेले आहे, आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे घेतले आहेत आणि शहराप्रमाणे, रुग्णालयाप्रमाणे ते बदलतील. पण अशा बिलाची ठेवण मी पुरेशी पाहिली आहे.

नवरा, बायको आणि दोन मुले. ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी, जुनी, म्हणजे ज्या सुरुवातीच्या काळात काही आजारांचा खर्च मिळत नाही ते प्रतीक्षा कालावधी सगळे उलटलेले. पॉलिसी वर्ष १ जूनला सुरू होते. साध्या खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपयांपर्यंत मान्य. आयसीयूचे २ टक्के, म्हणजे १०,००० पर्यंत.

ऑगस्टमध्ये बायकोच्या पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. कंपनी रुग्णालयाला ८४,००० देते आणि आधीच्या सोनोग्राफी-रक्ततपासण्यांचे ६,००० नंतर परत करते. सगळे सुरळीत. घरात समाधान असते की विमा कामाला आला. ५ लाखांतले ४,१०,००० उरले आहेत, याची नोंद कोणी मनात करत नाही. करावी असे त्यांना कोणी सुचवतही नाही.

जानेवारीत नवऱ्याला न्यूमोनिया होतो. दोन दिवस घरीच औषधे घेण्यात जातात, मग श्वास लागतो, भरती करतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असतो, रक्तदाब टिकत नाही, मूत्रपिंडे मंदावतात. नऊ दिवस आयसीयू, त्यातले सहा दिवस व्हेंटिलेटर, चार वेळा डायलिसिस. नंतर पाच दिवस खोलीत. माणूस वाचतो. एकूण बिल ५,९०,५०० रुपये.

या बिलाचा आयसीयूतला भाग नीट पाहण्यासारखा आहे. बेडचे दिवसाला १२,००० प्रमाणे नऊ दिवसांचे १,०८,००० होतात. व्हेंटिलेटरचे ३०,०००, डायलिसिसचे ४०,०००, डॉक्टरांच्या भेटींचे ४५,०००. रक्तातील वायूंची तपासणी दिवसातून अनेकदा, कल्चर, सीटी स्कॅन, पोर्टेबल एक्स-रे असे मिळून ७५,०००. सिरिंज, कॅथेटर, ट्यूब वगैरे साहित्याचे ५०,०००. आणि औषधांचे १,५०,०००, कारण मेरोपेनेमसारखी वरच्या पायरीची प्रतिजैविके दिवसातून तीन-तीनदा शिरेतून द्यावी लागतात. एकूण ४,९८,०००. म्हणजे आयसीयूतला एक दिवस सरासरी ५५,००० रुपयांना पडला, आणि त्यात बेडचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा.

घरचे लोक मात्र बेडचाच दर विचारतात. भरतीच्या वेळी खिडकीवर पहिला प्रश्न हमखास हाच: "आयसीयूचे दिवसाला किती?" आम्ही सांगतो १२,०००. ते मनात भागाकार करतात, चार लाखांत महिना आरामात निघेल असे उत्तर येते, आणि निश्चिंत होऊन वर जातात. शिल्लक ४,१०,००० आठवा दिवस संपता संपताच संपते. तेव्हा रुग्ण व्हेंटिलेटरवरून नुकताच उतरलेला असतो आणि त्याला आणखी सहा दिवस काढायचे असतात.

आता कपातीचा भाग. कंपनीचा मान्य-अमान्य हिशेब असा होतो. आयसीयू बेडचे मर्यादेवरचे १८,००० अमान्य. खोली ७,५०० ची घेतली, मर्यादा ५,०००, म्हणून पाच दिवसांचे १२,५०० अमान्य. महाग खोली घेतल्यामुळे त्या पाच दिवसांच्या डॉक्टर भेटींच्या १५,००० वरही त्याच प्रमाणात कात्री लागते आणि ५,००० जातात. हातमोजे, मास्क, डायपर अशा न देय वस्तूंचे २५,०००. अमान्य रकमेची बेरीज ६०,५००, आणि मान्य ठरलेला खर्च ५,३०,०००.

डॉक्टर भेटींवर लागली तशा प्रमाणशीर कपातीबाबत २०२० मध्ये तुम्हीच नियम घट्ट केले. औषधे, साहित्य, इम्प्लांट, तपासण्या यांवर ती लावता येत नाही आणि आयसीयूच्या खर्चावरही नाही. त्याआधी अख्ख्या बिलावर सरसकट कात्री लावलेली मी पाहिली आहे, त्यामुळे या नियमाची किंमत मला ठाऊक आहे.

पण या घरापुरते पाहिले तर त्या ६०,५०० च्या कपातीने एका रुपयाचाही फरक पडलेला नाही. मान्य खर्च ५,३०,००० असला तरी शिल्लक ४,१०,००० च आहे, म्हणून कंपनी ४,१०,००० देते. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी असती तर मान्य खर्च ५,६५,५०० झाला असता आणि कंपनीने दिले असते तेच ४,१०,०००. घरच्यांनी भरायचे १,८०,५००, दोन्ही वेळा. "रूम रेंट कॅपिंग नाही" हे आज विक्रीचे सर्वांत मोठे आमिष झाले आहे. लहान आणि मध्यम बिलांत ते उपयोगी आहेच, मी नाही म्हणत नाही. मात्र बिल विमा रकमेच्या वर गेले की कपातीची चर्चाच निरर्थक होते. विमा विकणारी मंडळी हे ग्राहकाला सांगताना मला तरी कधी दिसली नाहीत.

उलट, मर्यादा नाही म्हणून लोक वरच्या वर्गाची खोली घेतात. बऱ्याच रुग्णालयांत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा दर, कधी तपासण्यांचे दरही खोलीच्या वर्गानुसार चढतात. कपात होत नाही, पण तीच विमा रक्कम लवकर संपते. एकीकडून वाचलेले दुसरीकडून जाते, आणि जाताना दिसत नाही.

डिस्चार्जनंतरही या घराचे वर्ष संपलेले नसते. फिजिओथेरपी, औषधे, मूत्रपिंडाच्या तपासण्या असा ६० दिवसांचा खर्च पॉलिसीत बसतो. ते बिले गोळा करून पाठवतात आणि उत्तर येते की विमा रक्कम शिल्लक नाही. मे अखेरपर्यंत दोन्ही मुलांसकट चौघेही उघडे. प्रीमियम पूर्ण वर्षाचा भरलेला असतो, पॉलिसी कागदावर चालू असते, कार्ड खिशात असते.

इथे विक्रेते म्हणतील, रिस्टोअर आहे की! रक्कम संपली की पुन्हा भरली जाते. जाते, पण अटींवर. अनेक पॉलिसींत पुन्हा भरलेली रक्कम त्याच भरतीसाठी वापरता येत नाही. काहींत त्याच आजारासाठी किंवा त्याच माणसासाठी नाही. आपल्या उदाहरणात जानेवारीच्या बिलातले १,२०,००० त्यातून निघणार नाहीत. फेब्रुवारीत मुलाचा हात मोडला तर मिळेल. रिस्टोअर हे पुढच्या आजारपणासाठी असते. चालू असलेल्या मोठ्या बिलाच्या डोक्यावर ते छप्पर धरत नाही. माहितीपत्रकात मात्र "५ लाख + ५ लाख रिस्टोअर" असे ठळक छापतात, आणि वाचणारा साहजिकच दहा लाख धरतो. हे थांबवणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

टॉप-अपचेही तसेच. ५ लाख वजावटीचा, म्हणजे पहिले ५ लाख सोडून वरचा खर्च देणारा, साधा टॉप-अप जोडीला घेतला असता तर तो प्रत्येक क्लेम सुटा मोजतो. जानेवारीचा मान्य खर्च ५,३०,०००, त्यातून ५ लाख वजा, मिळाले ३०,०००. तेवढ्याच वजावटीचा सुपर टॉप-अप वर्षभराचा खर्च एकत्र धरतो. ऑगस्टचे ९०,००० आणि जानेवारीचे ५,३०,००० मिळून ६,२०,०००, त्यातून ५ लाख वजा, मिळाले १,२०,०००. अर्थात सुपर टॉप-अपने तोच खर्च मान्य धरला तर. मग घराला फक्त ६०,५०० भरावे लागले असते. खोलीभाड्याची ती कपात आता कुठे खरी बोचू लागते, हेही लक्षात घ्या. नावात एका शब्दाचा फरक आणि हातात येणाऱ्या पैशांत ९०,००० चा. ग्राहक मात्र दोन्हींना टॉप-अपच म्हणतो.

आता हे घर शहाणे होऊन जूनमध्ये नूतनीकरणाच्या वेळी १० लाखांची मागणी करेल. वाढीव ५ लाखांसाठी कंपनी पुन्हा तब्येत तपासू शकते, नकार देऊ शकते, आणि दिले तरी त्या वाढीव भागाला प्रतीक्षा कालावधी नव्याने लागू होतो. आधीच्या आजारांसाठी तो तुम्ही २०२४ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, हे चांगले केले. पण ज्याची मूत्रपिंडे नुकतीच सावरली आहेत त्याला त्याच आजारासाठी ती तीन वर्षेही फार लांब आहेत. म्हणून रक्कम अपुरी आहे हे मोठे आजारपण येण्याआधी कळायला हवे. नंतर कळून फारसे काही करता येत नाही.

महोदय, २९ मे २०२४ च्या तुमच्या परिपत्रकाने कॅशलेसची विनंती आल्यापासून एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत, असे बंधन घातले. वेगाचा प्रश्न तुम्ही मनावर घेतलात. पण एका तासात जे मंजुरीपत्र येते त्यात घरच्यांना नेमके काय समजते, तेही पाहा. सुरुवातीची मंजुरी बहुतेक अंशतः असते. समजा, १ लाखाची. घरचे विचारतात, "म्हणजे एवढेच मिळणार का?" आम्ही समजावतो की बिल वाढेल तशी वाढीव मंजुरी मागवू. दोन-तीनदा वाढीव मंजुरी आली की त्यांची उलट समजूत होते: मागू तसे मिळतच राहणार. मग एक दिवस पत्र येते की विमा रक्कम संपल्याने यापुढे मंजुरी देता येत नाही. त्या क्षणापर्यंत शिल्लक किती हे कंपनीच्या संगणकाला माहीत असते, कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, म्हणजे टीपीएला, माहीत असते, पुष्कळदा आम्हाला खिडकीवरही माहीत असते. माहीत नसते ते ज्याच्या खिशातून पुढचे पैसे जाणार त्याला. काही टीपीए शिल्लक पत्रावर छापतात, काही छापत नाहीत. छापली तरी पत्र रुग्णालयाच्या ईमेलवर येते आणि फाइलमध्ये लागते.

वेळेवर कळले तर काय करता येते, असे कोणी विचारेल. खूप काही. सातव्या दिवशी कळले असते तर या घराने आयसीयूतून बाहेर येताना ७,५०० ऐवजी ५,००० ची खोली घेतली असती. नोकरीच्या ठिकाणचा गट विमा असेल तर त्याची कागदपत्रे वेळीच काढली असती. पहिल्या पॉलिसीची रक्कम संपल्यावर उरलेला मान्य खर्च दुसऱ्या पॉलिसीतून मागता येतो, पण त्यासाठी पहिल्या कंपनीचे हिशेबपत्र आणि बिलांच्या प्रती लागतात, आणि आयत्या वेळी त्या जमवताना तारांबळ उडते. रुग्ण हलवण्याजोगा होताच डॉक्टरांशी बोलून धर्मादाय किंवा सरकारी रुग्णालयाचा विचार करता आला असता. निदान उसने मागायला चार दिवस मिळाले असते. डिस्चार्जच्या दुपारी फोन फिरवणारी माणसे मी पाहिली आहेत; त्या वेळी मिळणारा पैसा महागड्या व्याजाचा असतो.

म्हणून तीन मागण्या करतो.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक मंजुरीबरोबर, पहिल्या असो वा वाढीव, पॉलिसीधारकाच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत थेट संदेश जावा. या वर्षीची विमा रक्कम किती, आधी वापरलेली किती, या भरतीत आत्तापर्यंत मंजूर किती, शिल्लक किती. चार आकडे. शिल्लक एक चतुर्थांशावर आली की वेगळी सूचना जावी. बँक खात्यातून शंभर रुपये गेले तरी शिलकीसह संदेश येतो, तेव्हा हे तंत्र अवघड आहे असे कोणी कंपनी तुम्हाला सांगू लागली तर विश्वास ठेवू नका.

दुसरी, ग्राहक माहिती पत्रकाबद्दल. १ जानेवारी २०२४ पासून सुधारित पत्रक तुम्ही लागू केले, मागितल्यास स्थानिक भाषेत द्यायला सांगितले. त्यात विमा रक्कम, मर्यादा, प्रतीक्षा कालावधी सगळे आहे, पण सुटे सुटे. त्या पॉलिसीच्या अटींवर सोडवलेले एक मोठे बिल त्यात असू द्या: आयसीयूचे नऊ दिवस, एकूण बिल एवढे, मान्य एवढे, कंपनी देईल एवढे, तुम्ही भराल एवढे. सर्व कंपन्यांना एकच नमुना बिल तुम्ही आखून द्या, म्हणजे दोन पॉलिसी शेजारी ठेवून पाहता येतील. त्याच बिलावर रिस्टोअरमधून किती मिळेल, हेही लिहायला लावा. बहुतेक ठिकाणी शून्य लिहावे लागेल, आणि मग "५ + ५" ची छपाई आपोआप कमी होईल.

तिसरी मागणी थोडी वादाची आहे. कंपनी आणि रुग्णालय यांच्यात दर ठरलेले असतात आणि ते खुल्या दरांपेक्षा बहुधा कमी असतात. विमा रक्कम संपल्यावर उरलेले बिल कोणत्या दराने लावायचे, यावर खिडकीवर नेहमी खटके उडतात. काही रुग्णालये ठरलेलाच दर ठेवतात, काही उरलेल्या दिवसांना खुला दर लावतात. रुग्णालये तुमच्या अखत्यारीत येत नाहीत हे मला माहीत आहे. विमा कंपन्या येतात. रुग्णालयाशी करार करताना "या भरतीचे संपूर्ण बिल, विमा रकमेच्या वरचा भाग धरून, ठरलेल्या दरानेच" हे कलम घालणे तुम्ही त्यांना बंधनकारक करू शकता. रुग्णालये कुरकुर करतील. माझे पूर्वीचे सहकारीही करतील.

पहिल्या मागणीसाठी नव्या कायद्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरे. तुमच्या विभागाला मंजुरीपत्रांचे नमुने पाहायचे असतील तर कोणत्याही पाच टीपीएंकडून मागच्या महिन्यातली प्रत्येकी दहा पत्रे मागवा आणि त्यांतल्या किती पत्रांवर शिल्लक रक्कम लिहिली आहे तेवढे मोजायला सांगा.

आपला,
रुग्णालयाच्या विमा विभागातला एक निवृत्त कर्मचारी